रविवारच्या पुनर्विकास सेमिनारचं आभारप्रदर्शन (सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र)

सी-४०२ काकू: सेक्रेटरीसाहेब, परवा आभार मी मानायचे हे मला आज लिफ्टमधल्या नोटिशीवर कळलं. वर नुसती PPT पाठवलीत. त्यातून भाषण कसं काढू?

सेक्रेटरी: काकू, क्षमस्व, गडबडीत राहिलं. स्लाइड २ वर अजेंडा आहे, ३ ते ५ वर वक्ते. सगळं त्यातच आहे 🙏

बी-१०३: सगळं त्यातच आहे, असं पाण्याच्या टाकीच्या कोटेशनलाही म्हणाला होतात.

खजिनदार: तो विषय एजीएममध्ये संपलाय.

ए-५०१ अण्णा: हॉल १ वाजता रिकामा करायचा आहे. लक्षात असू द्या.

सी-४०२ काकू: हे बघा, केलं थोडं. "अ‍ॅड. काले यांनी २० वर्षांच्या अनुभवातून सहकार कायद्याचे कलम ७९-अ, प्रकल्प सल्लागार म्हणजे पीएमसीची नेमणूक, निविदा, विकास करार व बँक गॅरंटी यांवर मौलिक मार्गदर्शन केले..." तिन्ही वक्त्यांचं असंच लिहू का?

ए-२०१ बाई: काकू, थांबा. शाळेत तीस वर्षं हेच केलंय म्हणून सांगते. स्लाइडवर ते काय बोलणार आहेत ते असतं, काय बोलले ते नसतं. वकिलांना अजेंड्यात १०.३० ते ११.१५ दिलेत. पंचेचाळीस मिनिटांत बँक गॅरंटीपर्यंत पोचलेच नाहीत तर? न झालेल्या विषयाचे आभार मानले की समोरचे एकमेकांकडे बघतात.

सी-४०२ काकू: मग आधी काहीच लिहू नको?

ए-२०१ बाई: लिहा की. नावं, हुद्दे, क्रम आजच पक्के करा. प्रत्येक वक्त्याला एक ओळ स्लाइडच्या मुख्य विषयाची, आणि पुढे एक ओळ कोरी. पहिल्या रांगेत पेन घेऊन बसा आणि मनाला लागलेलं एक वाक्य तिथे भरा. अनुभवाची वर्षं गाळा, ती परिचयात आधीच वाचलेली असतात.

बी-३०२ दादा: बाई, उत्तरपत्रिका तपासायला घेणार का? 😄

ए-२०१ बाई: तुमची अजून आठवते मला.

सेक्रेटरी: काकू, एक दुरुस्ती. ते काळे आहेत. स्लाइडवर Kale आहे म्हणून तसं वाटलं.

ए-२०१ बाई: म्हणूनच तिन्ही वक्त्यांना फोन करून नाव मराठीत कसं लिहायचं ते विचारा. आणि अजेंड्यात "मा. उपनिबंधक (Tentative)" आहे. ते येणार आहेत का?

सेक्रेटरी: बहुधा कार्यालयातून प्रतिनिधी येतील.

ए-२०१ बाई: मग ओळी दोन लिहा. प्रतिनिधी आले तर त्यांच्याच नावाने आणि हुद्द्याने आभार. न आलेल्या साहेबांचे मानून आलेल्याला विसरू नका.

ए-५०१ अण्णा: अजेंड्यात आभार १२.५५ ला आहेत. हॉल १ ला रिकामा.

बी-१०३: शेवटच्या स्लाइडवर बिल्डरचा लोगो का आहे?

खजिनदार: बॅनरचा खर्च त्यांनी केलाय.

बी-१०३: अजून पीएमसी नेमला नाही, निविदा काढली नाही आणि स्टेजवरून त्यांचे आभार? उद्या ते निविदा भरतील तेव्हा सभासद काय म्हणतील?

खजिनदार: वर्गणी मागितली तेव्हा आपण कुठे होतात?

सी-४०२ काकू: भांडू नका. पण मीही ते नाव वाचणार नाही.

ए-२०१ बाई: नुसतं नाव गाळलं तर बॅनर फुकट घेतल्यासारखं होईल. पैसे परत करा, लोगो काढा.

सेक्रेटरी: मान्य. उद्या परत करतो, स्लाइडही बदलतो.

बी-१०३: धन्यवाद. हे आधीच व्हायला हवं होतं.

ए-२०१ बाई: आणि PPT मध्ये जे नाहीत त्यांची यादी द्या. हॉल देणारी शेजारची सोसायटी, माइकवाला, खुर्च्या लावणारी मुलं, आपले वॉचमन. "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास" यावर भागवू नका.

सी-४०२ काकू: आता बघा.

"उपनिबंधक कार्यालयाचे श्री./श्रीमती ______ सुट्टीच्या दिवशी आले, त्यांचे आभार. अ‍ॅड. काळे यांनी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातली पुनर्विकासाची प्रक्रिया समजावली. त्यांचं एक वाक्य आपण लक्षात ठेवू: ______. आर्किटेक्ट मॅडमनी आपल्याच प्लॉटचा नकाशा मांडून दाखवला. त्यातून कळलं की ______. सीए साहेबांनी कॉर्पस आणि भाड्यावरच्या कराच्या शंकांना उत्तरं दिली, विशेषतः ______. हॉल देणारे आपले शेजारी, माइक सांभाळणारे ______, खुर्च्या लावणारी मुलं आणि आपले वॉचमन, यांचे आभार. प्रश्न विचारणाऱ्या सर्व सभासदांचेही."

ए-२०१ बाई: छान. मॅडमचं पूर्ण नाव घाला, सीएंचंही. काळेंना नावाने आणि त्यांना हुद्द्याने, हे बरं दिसत नाही. मग घड्याळ लावून मोठ्याने वाचा. कोऱ्या जागा भरून दोन मिनिटांत बसलं पाहिजे.

सी-४०२ काकू: वाचलं. दीड मिनिट झालं.

ए-५०१ अण्णा: उत्तम. हॉल १ वाजता.

बी-३०२ दादा: अण्णा, जेवण कुठे आहे मग?

सेक्रेटरी: आपल्या पार्किंगमध्ये. सी विंगने गाड्या ११ च्या आत बाहेर काढाव्यात.

सी-४०१: दर वेळी सी विंगच का?