विम्याऐवजी एसआयपी?

फिरस्ता: नोकरी नाही, कंपनीचा विमा नाही. मग आरोग्य विम्याचा वर्षाला पंधरा हजार हप्ता भरण्यापेक्षा तेच एसआयपीत टाका. म्हातारपणाची सोय होते आणि दुखणं आलंच तर काढून घ्यायचे.

भाषांतरवाली: तीन वर्षांत जमतील पन्नास हजारांच्या आसपास. गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं, बिल 2 लाख. उरलेले कुठून आणायचे? त्यात महिनाभर काम बंद, म्हणजे पैसेही बंद. तो महिना बचत खात्यातल्या पैशांवर काढला, पण रुग्णालयाचं बिल त्यातून भागलं नसतं. म्हातारपणाचे पैसे मोडावे लागले असते.

फिरस्ता: विम्याने सगळे दिले का? खरं सांगा.

भाषांतरवाली: नाही. 57 हजार खिशातून गेले. विमा 5 लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000. मी 8,000 ची खोली घेतली, चार दिवस. वाटलं, फरकाचे 12 हजार भरू.

दादरकर: मग 57 कसे? सरळ लूट आहे ही!

हिशेबनीस: लूट म्हणण्याआधी बिल बघा. ताईंनी मला आकडे पाठवलेत. खोलीचे 32 हजार, सर्जन-भूल-ओटी-नर्सिंग 1 लाख 20 हजार, औषधं-तपासण्या 48 हजार. महागडी खोली घेतली की बऱ्याच ठिकाणी सर्जनची फीसुद्धा चढते. म्हणून 8,000 ला 5,000 या प्रमाणात मधल्या रकमेचे पाच अष्टमांशच, म्हणजे 75 हजार मिळाले. तिथे 45 गेले, खोलीचे 12. औषधं-तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते 48 पूर्ण मिळाले.

नाशिककर: माझ्या आईला शुगर आहे. एजंट म्हणाला, फॉर्मवर लिहू नका. आता झोप लागत नाही.

दादरकर: पाच वर्षं हप्ते भरा, मग कोणी काही करू शकत नाही.

हिशेबनीस: अर्धंच सांगताय. 60 महिन्यांनंतरही फसवणूक सिद्ध झाली तर दावा नाकारतात. आणि त्याआधीच दवाखान्यात जावं लागलं तर? नाशिककर, कंपनीला आजच लेखी कळवा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी रद्दही करतील, पण ऐन वेळी कळण्यापेक्षा ते बरं.

नाशिककर: रद्द केली तर 62 व्या वर्षी तिला दुसरी कोण देईल?

फिरस्ता: हेच म्हणतोय मी! माझ्या वडिलांचाही दावा असाच अडवला होता. विश्वास कशावर ठेवायचा?

भाषांतरवाली: वडिलांच्या दाव्याबद्दलचा तुमचा राग समजतो. पण म्हणून तिशीत, धडधाकट असताना विमा टाळायचा? शुगर निघाल्यावर घ्याल तर तिच्या उपचारांच्या दाव्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतील.

फिरस्ता: बरं, घेतो. खोलीची मर्यादा नसलेलाच. एसआयपी मात्र थांबवणार नाही.

भाषांतरवाली: थांबवा म्हटलंच नव्हतं मी.

हिशेबनीस: ताई, एक राहिलं. खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा रुग्णालयात ही कपात करता येत नाही. तुमच्या रुग्णालयाचं दरपत्रक मागितलंत का?

भाषांतरवाली: नाही. 45 हजारांचा प्रश्न आहे, उद्या सकाळीच जाते.