अनुभव धागा: गिळलेला राग आणि जाणारी ताठरता

कवडसा
जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते. काल दुसऱ्या एका केससाठी जुन्या नोंदी चाळताना एक जोडपं आठवलं, म्हणून धागा काढतेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो ४३, ती ४०. तक्रार आठ महिन्यांची: सुरुवात व्यवस्थित होते, पण संभोग सुरू करायच्या क्षणी ताठरता जाते. सगळ्या तपासण्या नॉर्मल. पहाटे ताठरता असते, एकट्याने असतानाही असते. फक्त बायकोसोबत जाते.

अशा वेळी "तुमच्यात भांडण आहे का" हा प्रश्न निरुपयोगी असतो, उत्तर "नाही"च येतं. त्याऐवजी मागच्या तीन वेळा एकेक करून विचारायच्या. कोणता वार, पुढाकार कोणाचा, नेमकं कोणत्या क्षणी गेलं, त्याआधीच्या दिवसभरात दोघांत काय बोलणं झालं. याच्या बाबतीत तिन्ही वेळा दिवसभरात घरातला एखादा निर्णय तिने परस्पर घेतला होता आणि तो "चालेल" म्हणाला होता.

मग मूळ सापडलं. वर्षभरापूर्वी त्याला दुसऱ्या शहरात वरचं पद मिळत होतं. मुलांच्या शाळेमुळे नको, असं ती म्हणाली, त्याने नाकारलं. "तो विषय संपला, राग वगैरे नाही," हे सांगताना त्याचा जबडा आवळलेला होता आणि हातातल्या पेनाचं टोपण उघडबंद चाललं होतं.

तुमच्या कामात असं काय दिसलंय, लिहा.

नाडीपरीक्षक
एमडी आहे, ओपीडीतून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. यात गूढ काही नाही. ताठरतेसाठी लिंगातले स्नायू सैल पडावे लागतात, तरच रक्त भरतं आणि आत टिकतं. राग आला की शरीर झुंजायच्या तयारीत जातं, नॉरअॅड्रेनालिन वाढतं आणि तेच स्नायू आवळले जातात. माणूस तोंडाने "चालेल" म्हणाला तरी हे थांबत नाही. म्हणून "मुद्दाम करतो" हा आरोप चुकीचा. त्याच्या हातात ते नसतंच.

पाऊलवाट
सोपी खूण सांगतो, पहाटे ताठरता येते म्हणजे शरीर ठणठणीत. डॉक्टरकडे जायची गरजच नाही, डायरेक्ट समुपदेशक गाठा.

नाडीपरीक्षक
@पाऊलवाट अर्धं बरोबर. पहाटेची ताठरता हा चांगला पुरावा आहे, पण सुटका नाही. साखर वाढायला लागलेली असते आणि घरात धुसफूसही असते, असे दोन्ही असलेले पुष्कळ येतात. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधीकधी आधी इथे दिसतो आणि हृदयाचा त्रास काही वर्षांनी. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड, सकाळी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन एवढं बघायचंच. चालू औषधंही सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हाच त्रास होतो.

सायली_क
म्हणजे फिरून फिरून बायकोच दोषी? तिने नोकरी नाकारायला लावली म्हणून हे झालं? आमच्याकडे उलट आहे, दोन वर्षं राग मी गिळलाय, आणि त्रास मात्र त्यांना होतोय. कसं काय?

कवडसा
@सायली_क दोष कोणाचाच नाही, निदान माझ्या नोंदीत तरी तिचा नव्हता. तिने मत दिलं होतं. त्याने स्वतःचं मत सांगितलंच नाही, घोळ तिथे झाला.

तुम्ही म्हणता तेही होतं. आपण नकार देत नाही पण सगळं उरकल्यासारखं होतं, नजर छताकडे, स्पर्शाला प्रतिसाद नाही. समोरच्याला ते कळतं. तो स्वतःवर लक्ष ठेवायला लागतो, "टिकतंय का, गेलं का". तसं लक्ष ठेवलं की जातंच. मग त्याला वाटतं आपण नालायक, तुम्हाला वाटतं आपण नकोशा झालो. दुसऱ्या दिवशी दोघंही गप्प.

सायली_क
छताकडेच बघते मी. नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

मध्यरात्र
थोडं अवांतर. नवरा जोरात घोरतो आणि दिवसा पेंगतो का, हेही बघा लोकहो. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तरी ताठरतेवर परिणाम होतो, चिडचिडही वाढते. सगळं नात्यावर ढकलू नका.

नाडीपरीक्षक
@मध्यरात्र अवांतर अजिबात नाही, +१.

उंबरठा
सेक्स थेरपी करतो. यात पहिला उपाय म्हणून स्पर्शाचे व्यायाम दिले जातात. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत. संभोगावर पूर्ण बंदी. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा तास, आळीपाळीने एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने घ्यायचा. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य. ताठरता आली तरी वापरायची नाही. पुढच्या टप्प्यात ती आल्यावर मुद्दाम थांबायचं, जाऊ द्यायची, पुन्हा येऊ द्यायची. गेलेली परत येते हे शरीराला कळलं की धास्ती कमी होते.

पण मनात आकस असेल तर हे पहिल्याच आठवड्यात बंद पडतं. "वेळच मिळाला नाही" हे वाक्य दोन भेटींत लागोपाठ आलं की मी व्यायाम थांबवतो. चिडलेल्या माणसाला गोंजारायचा गृहपाठ म्हणजे आणखी एक जबरदस्ती. तो पुन्हा "चालेल" म्हणेल आणि शरीर पुन्हा नाही म्हणेल.

कवडसा
@उंबरठा म्हणून मी आधी बोलणं घेते. शयनगृहाबाहेर, रात्री नाही, संभोगाच्या आधी किंवा लगेच नंतर तर मुळीच नाही. एकाने दहा मिनिटं, एकाच प्रसंगावर: काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवं होतं. "तू नेहमी" ने सुरू होणारं वाक्य बाद. दुसऱ्याने स्वतःची बाजू न मांडता ऐकलेलं परत सांगायचं, पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत. मग अदलाबदल.

वरच्या जोडप्यात तिसऱ्या बैठकीत त्याच्या तोंडून आलं, "तू मला विचारलंस, पण उत्तरासाठी थांबली नाहीस." ती रडली, मग तीही चिडली, कारण तिला वर्षभर काही कळलंच नव्हतं. त्या आठवड्यात ताठरता सुधारली नाही, उलट दोघं वेगळ्या खोल्यांत झोपले. सुधारणा दोन महिन्यांनी दिसायला लागली. राग बाहेर पडला की लगेच सगळं ठीक, असं होत नाही.

उंबरठा
मी मात्र पूर्ण थांबत नाही. लैंगिक काहीच नसलेला स्पर्श, हात धरणं, पाठ चोळणं, एवढं चालू ठेवतो. नाहीतर जोडपी भांडण सोडवण्यातच वर्ष घालवतात आणि जवळ यायची सवयच मोडते.

कवडसा
दोघांनाही हवासा असेल तर ठीक. एकाला नको असेल तर तोही नको, यावर मी ठाम आहे.

पाऊलवाट
आणि गोळी? सिल्डेनाफिल घेऊन प्रश्न मिटत नाही का?

नाडीपरीक्षक
ती इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना असेल तरच काम करते. साधारण ५० मिग्रॅ, तासभर आधी, तेलकट जेवणानंतर उशिरा चढते. "आज जाणार" ही भीती मोडायला काही काळ उपयोगी पडते. मात्र बायकोवर धुमसत असताना घेतली तर बहुतेकदा "गोळीही लागू पडली नाही" म्हणून माणूस आणखी घाबरतो. छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर कधीच नाही, रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. आणि दुकानातून परस्पर घेऊ नका.

सायली_क
कुकर झाला. ते बोलायला तयारच नाहीत, "काही झालं नाही" एवढंच. मग दहा मिनिटं कशी करायची?

कवडसा
त्यांच्या रागापासून सुरू करू नका, तुमच्यापासून करा. दोन वर्षांतला एकच प्रसंग निवडा, सगळ्यात मोठा नको, मधला. उत्तर मागू नका, फक्त ऐकायला सांगा. आणि विषय ताठरतेचा काढू नका. तपासण्या झाल्यात का त्यांच्या?

सायली_क
रक्तदाबाची गोळी घेतात. कोणती ते बघून सांगते.