शब्द हवा : ‘अमॉर्टाइज्ड’ खर्चाला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम
प्रोग्रॅमिंगवरच्या एका टिपणाचं मराठी करतोय. वाढत्या अ‍ॅरेबद्दल एक वाक्य आहे, की शेवटी घटक जोडण्याचा (append) ‘अमॉर्टाइज्ड’ खर्च `O(1)`, म्हणजे घटक कितीही असले तरी स्थिर, असतो. मी सरळ ‘सरासरी खर्च’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘सरासरी नव्हे’. मग काय? आणि खरं सांगायचं तर शब्द अडलाय कारण गोष्टच नीट डोक्यात शिरलेली नाही. अ‍ॅरे भरला की नवा मोठा अ‍ॅरे घ्यायचा आणि जुने सगळे घटक तिकडे उतरवून घ्यायचे. हे स्वस्त कसं?

खतावणी
यात अडण्यासारखं काय आहे? अमॉर्टायझेशन म्हणजे कर्जाची हप्त्याहप्त्याने परतफेड. पेटंटसारखी अमूर्त मालमत्ता असेल तर तिची किंमत वर्षावर्षांत विभागून खर्ची टाकणं. यंत्राच्या बाबतीत आपण त्यालाच घसारा म्हणतो. ‘हप्तेबंद खर्च’ लिहा. अ‍ॅरे म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण कर्ज कोणी काढलंय ते आधी बघा.

दुपटीतिपटी
अहो खतावणी, इथे कर्जबिर्ज काही नाही. अर्धविराम, सरासरीच आहे ती, बाई उगाच कीस काढतायत. बहुतेक वेळा जागा रिकामी असते म्हणून काम झटपट होतं, क्वचित नशीब वाईट असलं की उतरवाउतरव करावी लागते. फक्त अ‍ॅरे दरवेळी बरोबर दुप्पट करायला हवा. दुपटीपेक्षा कमी वाढवलात की सगळं गणित कोसळतं.

मोजपट्टी
दुपटीतिपटी, तुमचं निम्मं बरोबर आहे. जे चुकलंय त्यातच हा शब्द दडलाय.

‘नशीब’ हा शब्द आधी काढून टाका. आकडे क्रमाने लावणारा क्विकसॉर्ट सरासरीने वेगवान असतो म्हणतो तेव्हा तिथे खरंच नशिबाचा भाग असतो. आकडे वाईट क्रमाने आले तर तो रखडतो. इथे तसं काही नाही. तुम्ही काय जोडता, कोणत्या क्रमाने जोडता याने फरक पडत नाही. रिकाम्या अ‍ॅरेपासून सुरुवात करून हजार घटक जोडले तर एकूण काम ठरावीक मर्यादेच्या आतच राहतं, दरवेळी, कोणाच्याही हातून. बाईंची लाल रेघ त्यासाठी आहे. ‘सरासरी’ म्हटलं की वाचणारा ‘कधीकधी जास्तही होईल’ असं समजतो. एखाद्या जोडणीपुरतं ते खरंच आहे, पण एकूण बेरजेबद्दल ही हमी आहे.

आता खर्च जातो कुठे ते बघू. समजा अ‍ॅरेत 8 खण आहेत, 4 भरलेत, 4 रिकामे आहेत. घटक खणात ठेवायला एक नाणं लागतं, उतरवून घ्यायलाही एक. प्रत्येक नव्या घटकाकडून आपण तीन नाणी घेऊ. एक त्याला ठेवण्यात लगेच गेलं, दोन त्याच्या खणातच ठेवून दिली. पाचवा, सहावा, सातवा, आठवा असे चौघे आले. खण भरले, आणि बाजूला पडली 8 नाणी. नववा आला, जागा नाही. 16 खणांचा नवा अ‍ॅरे घेतला. उतरवायचे घटक किती? आठ. गाठीशी नाणी किती? आठ. नव्याने आलेल्या प्रत्येकाने स्वतःचं भाडं भरलं आणि आधीपासून बसलेल्या एकाचंही भरलं. मग 16 खणांत पुन्हा 8 नवे घटक येतात, 16 नाणी साठतात, पुढच्या वेळी 16 जण हलतात. गाठ कधीच कमी पडत नाही. म्हणून जोडणीमागे तीन नाणी, मग अ‍ॅरे कितीही मोठा होऊ दे.

खतावणी
थांबा, म्हणजे हे कर्ज नाही, उलट आहे. आधी साठवायचं आणि मग एकदम खर्च करायचा. याला आम्ही तरतूद म्हणतो. पुढे येणाऱ्या खर्चासाठी दरवर्षी थोडं बाजूला काढून ठेवायचं.

मोजपट्टी
तरतूद अगदी नेमका शब्द आहे! आणि तुम्ही सुरुवातीलाही फार चुकला नव्हता. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये या पद्धतीवर जो लेख लिहिला, त्यात खर्च मोजण्याची एक रीत सावकारी हिशेबाचीच आहे. नाणी तिथूनच आलीत, माझी नव्हेत.

घाईगर्दी
माझा प्रश्न वेगळा आहे. मी सी भाषेत स्वतःच वाढता अ‍ॅरे लिहिला होता. मेमरी वाया जाऊ नये म्हणून भरला की 10 खण वाढवायचे, एवढंच. हजारभर घटकांना मस्त चालायचा. लाखावर गेलो तर प्रोग्रॅम रांगायला लागला. मला वाटलं डिस्क मंद आहे, दोन दिवस तीच तपासत बसलो. तुमच्या या नाण्यांत माझं काय चुकलं?

मोजपट्टी
तुमच्याकडे नाणी पुरत नाहीत. समजा 1,000 खण भरले. मागच्या वाढीनंतर नवे आले फक्त 10, आणि उतरवायचे आहेत 1,000. दहा जणांनी हजारांचं भाडं भरायचं. पुढे 50,000 झाले तरी भरणारे दहाच. एक लाख घटकांपर्यंत तुमच्या पद्धतीत 49,99,50,000 वेळा उतरवाउतरव होते. एका खणापासून दुपटीने वाढवलं असतं तर 1,31,071 वेळा झाली असती.

ओळखायची खूण सोपी आहे. घटक दुप्पट केले आणि वेळही साधारण दुप्पट लागला तर ठीक. वेळ चौपट झाला तर कुठेतरी ठरावीक आकड्याने वाढ होतेय. डिस्क नंतर बघा. 10 च्या जागी 1,000 ठेवलेत तरी चौपटीचा रोग जाणार नाही, फक्त उशिरा दिसेल.

आणि दुपटीतिपटी, दुप्पटच हवं असं मुळीच नाही. हवी ती पट, ठरावीक बेरीज नको. जावाची `ArrayList` दीडपटीने वाढते. सी++ च्या `std::vector` ला भाषेचा नियम एवढंच सांगतो की शेवटी जोडण्याचा खर्च या अर्थाने स्थिर हवा, किती पटीने वाढवायचं ते सांगत नाही. म्हणून जीसीसीत दुप्पट आहे तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये दीडपट. पट लहान ठेवली की रिकामे खण कमी पडून राहतात, पण भाडं वाढतं. मोठी वाढ नुकतीच झाली असेल त्या सर्वांत वाईट क्षणी दुपटीत घटकामागे साधारण दोन उतरवण्या पडतात, दीडपटीत तीन.

दुपटीतिपटी
मान्य. पण मग पायथन? मी आत्ता चालवून बघितलं (64-बिट, 3.9 च्या पुढची आवृत्ती):

```python
import sys
a, prev = [], 0
for i in range(30):
    a.append(i)
    s = sys.getsizeof(a)
    if s != prev:
        print(len(a), s)
        prev = s
```

```
1 88
5 120
9 184
17 248
25 312
```

रिकामी यादी 56 बाइटची आणि एक खण 8 बाइटचा. म्हणजे खण झाले 4, 8, 16, 24, 32. शेवटी तर दरवेळी 8 च वाढतायत. घाईगर्दींचाच रोग की हा!

मोजपट्टी
30 वर थांबलात म्हणून तसं दिसलं. लूप दोन हजारांपर्यंत न्या, टप्पे रुंदावत जाताना दिसतील. पायथन आहे त्या लांबीच्या साधारण आठव्या हिश्शाइतकी जास्तीची जागा घेतं. लहान यादीत आठवा हिस्सा नगण्य, म्हणून गोळाबेरजेचे आकडे दिसतात. पट आहेच, फक्त कंजूष आहे.

ठिणगी
मी जरा विरजण घालते. माझ्याकडे सेन्सरचं वाचन दर मिलिसेकंदाला यायचं आणि एका अ‍ॅरेत जोडलं जायचं. बाकी सगळं गुळगुळीत, पण अधूनमधून एक-दोन वाचनं गळायची. आधी वायर बदलली. मग प्रत्येक जोडणीला लागलेला वेळ नोंदवून पाहिला, तर सपाट रेषेवर मध्येच एकेक सुळका, आणि पुढचा सुळका आधीच्यापेक्षा लांब अंतरावर आणि उंच. तुमची तीन नाणी कागदावर. त्या एका मिलिसेकंदात माझे लाखो घटक हलत होते. ते वाचन कोण भरून देणार? शेवटी सुरुवातीलाच लागेल तेवढी जागा `reserve` करून टाकली.

मोजपट्टी
तुमची तक्रार रास्त आहे. ही हमी बेरजेची आहे, एकेका जोडणीची नाही. वेळेची सक्ती असेल तिथे तिचा उपयोग नाही.

अर्धविराम
आता समजलं. मग शब्द? मला ‘जिरवलेला खर्च’ सुचतोय. पाणी जमिनीत जिरवतो तसा उतरवण्याचा मोठा खर्च आधीच्या सगळ्या जोडण्यांत जिरवलेला. शिवाय मूळ शब्दही लॅटिनमधल्या ‘मृत्यू’वरून आलाय, खर्च मारून टाकायचा, शांत करायचा. जिरवणं त्याच्या जवळ जातं.

घाईगर्दी
माझी मात्र अ‍ॅरेने चांगलीच जिरवली. तो अर्थ पण येणार का?

ठिणगी
‘जिरवलेला’ ऐकलं की खर्च नाहीसा झाला असं वाटतं. माझा सुळका कुठे जिरला होता? ‘वाटून पडणारा खर्च’ म्हणा, निदान कोणावर तरी पडतो हे कळेल.

खतावणी
‘तरतुदीचा खर्च’. माझं मत बदलणार नाही.

मोजपट्टी
मला ‘वाटून पडणारा’ पटतं, पण ‘प्रत्येक जोडणीचा वाटून पडणारा खर्च’ असं वाक्य तीनदा आलं की टिपण जड होईल. ‘दरडोई’सारखं ‘दरजोडणी खर्च’ करून बघितलं, तर त्यात सरासरीचा वास पुन्हा येतो. अर्धविराम, बाईंना ‘जिरवलेला’ आणि ‘वाटून पडणारा’ दोन्ही दाखवा.

अर्धविराम
दाखवतो. तोवर एक शंका. घटक काढत गेलो तर अ‍ॅरे आकसवायचा केव्हा? निम्मा रिकामा झाला की निम्मा करून टाकावा ना?

मोजपट्टी
तसं केलंत तर अ‍ॅरे भरलेला असताना एक घटक जोडा, एक काढा, एक जोडा, एक काढा, आणि दरवेळी सगळे घटक इकडून तिकडे. मध्ये नाणी साठायला वावच नाही. चौथाई उरल्यावर निम्मा करा.