मदत हवी आहे: दुकानाच्या ३० सेकंदांच्या ओळख-व्हिडिओत काय बोलू?

चादरवाला_सोलापूर:
चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. मुलगी म्हणते, स्टेटसला ओळखीचा व्हिडिओ टाका. मी ११० शब्द लिहून पाठ केले: "नमस्कार, आमच्या दुकानाची स्थापना..." एका दमात बोलायला गेलो तर ४८ सेकंद लागले आणि मधेच श्वास संपला. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलतो, पण मोबाइलसमोर आवाजच बदलतो. काय करू?

बाळीवेस:
मोबाइलवर टेलिप्रॉम्प्टरचं ॲप घ्या. वाचून दाखवायचं, पाठ करायची गरजच नाही.

कॅमेऱ्यामागची_ताई:
मोबाइल हातभर अंतरावर असेल तर वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे सरकलेले दिसतात. तो चार-पाच फूट लांब ठेवून अक्षरं लेन्सजवळच्या अरुंद पट्टीत आणली तर चालतं, पण तेवढ्या लांबून तुम्हाला वाचता यायला हवं.

दादा, तुमची अडचण मला शब्दांची वाटते. ३० सेकंदांत मराठीत ५०-५५ शब्द सावकाश बसतात. 'स्थापना' हा शब्द तुम्ही गल्ल्यावर कधी बोलता का? तिथेच आवाज बदलतो. शिवाय हात रिकामे राहिले की घाबरलेला माणूस त्यांचं काय करावं या विचारात अडकतो. चादर हातात घ्या आणि असं बोलून बघा:

"ही चादर बघा. (उलटा) आता ही दुसरी बाजू. नक्षी तीच, रंग उलटे. दोन्हीकडून वापरा. ही आमची सोलापुरी चादर. हे दुकान वडिलांनी घातलं, आता मी बघतो. एकच चादर हवी असली तरी या, घडी उलगडून दाखवतो. घेतलीच पाहिजे असं नाही. चाटी गल्लीत या, दुपारीसुद्धा उघडं असतं."

पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. मधलं शब्दशः नाही आलं तरी चालेल, चादर उलटली की पुढचं आपोआप सुचतं. नाव बोलू नका, ते खाली अक्षरांत टाका. एक वाक्य, एक श्वास. वाक्य संपायच्या आत दम लागला तर ते वाक्य तोडा.

शेंगाचटणी_घरची:
मी चटणीचा केला होता, पण रस्त्यावरच्या गाड्यांमुळे काहीच ऐकू आलं नाही. कोणता माइक घेऊ?

कॅमेऱ्यामागची_ताई:
आधी सकाळी दुकान उघडायच्या आत करून बघा, पंखा बंद ठेवून. दादांच्या दुकानात कापडाच्या थप्प्या आहेत, तिथे आवाज घुमत नाही. तुमच्याकडे डबे असतील, तिथे घुमेल.

चादरवाला_सोलापूर:
आज सहा वेळा केला. चौथा २९ सेकंदांचा झाला, मुलीला तोच आवडला. पाचव्यापासून मी परत पाठ केल्यासारखं बोलायला लागलो. आता भाव सांगू का?

बाळीवेस:
सांगा. भाव नसला की लोक फोन करत नाहीत.

कॅमेऱ्यामागची_ताई:
मी नाही सांगणार. सुताचा दर बदलला की व्हिडिओ जुना होतो. वर अक्षरांत टाकलात तर नंतर बदलता तरी येईल.

बाळीवेस:
तरी तोंडून ऐकलेल्या भावावर माणसाचा विश्वास बसतो, ताई.