‘हा माझा बायको पार्वती’ : चित्रपट न पाहिलेल्याला हे मीम कळतं का?

कोरी_पाटी : विकतचं श्रीखंड स्टीलच्या डब्यात काढून पाहुण्यांपुढे ठेवलंय, असा फोटो. वर ओळ : ‘हा माझा बायको पार्वती’. चित्रपट माहीत नसेल तर ही नुसती व्याकरणाची चूक. माझं मत असं, की ज्याला बाहेरचा संदर्भ लागतो ते मीम अपुरं. तुम्हाला काय वाटतं?

जुनी_रीळ : अजिबात पटत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये लीलाबाई काळभोर बिऱ्हाड देणार ते फक्त जोडप्यांना. म्हणून धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, साडी नेसलेल्या परशाची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची, बायको म्हणून ओळख करून देतो आणि तिथे जीभ घसरते. आता शब्द बघा. ‘हा’ आणि ‘माझा’ पुल्लिंगी, ‘बायको’ स्त्रीलिंगी. पहिले दोन शब्द समोर दिसणारं खरं बोलून जातात, तिसरा ठरवून आणलेलं खोटं बोलतो. तुम्ही जिला चूक म्हणता त्या चुकीतच सगळा अर्थ आहे.

श्रीखंडाच्या फोटोत डबा म्हणजे साडी, श्रीखंड म्हणजे परशा, वाढणारा म्हणजे माने आणि पाहुणे म्हणजे लीलाबाई. ‘विकतचं आहे’ असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते कळतं. शिवाय वाढणाऱ्याचा राग येत नाही, कारण मान्यांनी ते सोंग डोक्यावर छप्पर हवं म्हणून केलं होतं, ही अडचणही ओळीबरोबर येते. ‘हे विकतचं आहे, फसू नका’ असं लिहिलं असतं तर वाढणारा नुसता लबाड ठरला असता.

घाटमाथा : मला वाटायचं, मराठी नीट न येणाऱ्यांची नक्कल आहे. नवीन शिकणारे लिंग असंच चुकवतात ना?

जुनी_रीळ : चूक त्याच जातीची आहे, हे खरं. पण माने एरवी मराठीत कुठेच अडखळत नाहीत. वसंत सबनीसांचे संवाद ऐका, माने भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळतात. असा माणूस नेमका इथे चुकतो, म्हणून ते अज्ञान वाटत नाही, बिंग फुटायला आलंय असं वाटतं. हिंदीत हे अर्धंच उतरेल. ‘ये’ला लिंग नाही, त्यामुळे चूक एकट्या ‘मेरा’वर येईल. इंग्रजीत तर चुकायला जागाच नाही.

डबेवाली_ताई : आमच्या भिशीच्या ग्रुपवर एकीचे पैसे आले नाहीत, तेव्हा ‘सत्तर रुपये वारले’ टाकलं होतं. तेही यातच येतं का?

जुनी_रीळ : चित्रपट तोच, काम वेगळं. पैसे ‘बुडाले’ म्हटलं की बुडवणारा कोण हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘वारले’ हे आपण माणसाबद्दल, आदराने म्हणतो, आणि वारलेल्याचा हिशोब कोणी मागत नाही. घरमालकाकडून औषधाच्या निमित्ताने घेतलेले पैसे माने असे मिटवून टाकतात. पण ती ओळ देणेकऱ्याच्या तोंडची आहे. तुमच्याकडे जिचे पैसे अडकले तिने ती टाकली असेल, तर अर्थ ‘जाऊ दे, सोडले’ असा होतो. तिला पैसे परत हवे असतील तर ही ओळ तिच्या कामाची नाही.

घाटमाथा : म्हणजे चुकीच्या जागीही बसू शकते.

जुनी_रीळ : बसते आणि लगेच कळतं. जुन्या स्कूटरला नवा रंग दिला आणि वर ‘हा माझा बायको’ लिहिलं, तर ओळ लटकते, कारण तिथे फसणारं कोणी नाही. फोटोत लीलाबाई कोण, हे आधी शोधावं. तीच स्कूटर गिऱ्हाईक बघायला आलं असताना दाखवली, तर ओळ चपखल बसेल. आणखी एक नेहमी होतं : कुणीतरी शुद्धलेखनाच्या ओढीने ‘ही माझी बायको पार्वती’ करून पुढे पाठवतं. मग उरते साधी ओळख.

नदीकाठ : एक गोष्ट सुटतेय. हीच ओळ आखूड केसांच्या बाईच्या किंवा ट्रान्स व्यक्तीच्या फोटोवर टाकतात. तिथे परशाच्या जागी खरं माणूस बसतं आणि ‘आतून हा पुरुषच’ असा आरोप होतो. चित्रपटात सोंग होतं, इथे कुणाचं जगणं आहे. तुमच्या त्या ‘खरं बोलून जाणाऱ्या’ दोन शब्दांनीच घाव बसतो.

जुनी_रीळ : मान्य. सोंग नसेल तिथे ही ओळ वापरूच नये.

कोरी_पाटी : पण हे ओळीत कुठे लिहिलंय? चित्रपट न पाहिलेला ती कुठेही चिकटवणार. संदर्भ हरवल्यावर जी ओळ माणसाला लागते, तिला मी अजूनही अपुरीच म्हणेन.

नदीकाठ : असे फोटो पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांचा चित्रपट पाठ असतो. संदर्भ माहीत असूनही ते हेच करतात. त्याचं काय?