सप्लायरकडे बिलाचे हप्ते मागावेत का? मागायचे तर कसे?

गोरेगावची_मसालेवाली: आमचं गोरेगावला लोणची-मसाल्याचं छोटं युनिट आहे. वसईच्या एका कारखान्यातून प्लास्टिकच्या बरण्या घेतो. ५ ऑगस्टचं बिल ४ लाख, वर १८ टक्के जीएसटी ७२ हजार, असं ४,७२,००० चं आहे. उधारी ३० दिवसांची, म्हणजे ४ सप्टेंबरला द्यायचेत. पण एका मोठ्या दुकानवाल्याकडे आमचेच पैसे अडकलेत, हातात १ लाख ६० हजार आहेत. संबंध जुना आहे आणि दिवाळीच्या बरण्याही त्यांच्याकडूनच घ्यायच्यात. हप्ते मागू, की गप्प राहून जमेल तसे टाकत राहू?

लालबाग_ट्रेडिंग: अजिबात मागू नका. मी मार्केटमध्ये आयुष्य काढलंय, इथे विचारून कोणी उशीर करत नाही. हप्ते मागितले की पार्टी टाईट आहे हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं, मग बाकीचे सप्लायर पण अ‍ॅडव्हान्स मागायला लागतात. आज ५०, आठवड्याने ३० असे टाकत राहा, पैसे येतायत म्हटल्यावर तो ओरडत नाही.

वसईचा_कारखानदार: लालबागवाले, मी त्या बाजूचा माणूस आहे म्हणून सांगतो, ओरडत नाही कारण तुम्हाला फोन करून करून कंटाळलेला असतो. आम्हाला प्लास्टिकच्या दाण्याचे पैसे रोख नाहीतर आठवड्यात द्यावे लागतात. ५० हजार न सांगता आले की माझा अकाउंटंट ते सगळ्यात जुन्या बिलाला लावतो, पार्टी म्हणते ते या बिलाचे होते, आणि वर्षाअखेर लेजर जुळवताना भांडणं होतात. मला रक्कम कमी चालेल पण तारीख पाहिजे, कारण त्या तारखेवर मी दाणेवाल्याला शब्द देतो. तारखा सांगणाऱ्या पार्टीचा माल मी अडवत नाही, फोन न उचलणाऱ्याचा पहिला अडवतो.

ठाणे_वेस्ट: ताई एवढं कशाला घाबरताय, उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना? सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. ४५ दिवसांच्या वर गेलं की चक्रवाढ व्याज लागतं, समोरचा धावत येईल.

गोरेगावची_मसालेवाली: दादा, इथे पैसे मी द्यायचेत 🙏 उद्यम त्यांचंही आहे, म्हणजे ती तक्रार माझ्यावरच होऊ शकते.

परळकर: मग तर हप्त्यांचा विषयच संपला. ४५ दिवसांत नाही दिले तर इन्कम टॅक्समध्ये ४ लाखाचा खर्चच धरत नाहीत. त्यापेक्षा सोनं ठेवून लोन घ्या आणि त्याचे पैसे मोकळे करा. संबंध टिकवायचा असेल तर मागणं हाच कमीपणा आहे.

अकाउंट्सवाली_डोंबिवली: परळकर, अर्धं बरोबर आहे. सप्लायर मायक्रो किंवा स्मॉल असेल आणि मुदत टळली तर खर्च पैसे दिले त्या वर्षात धरतात, कायमचा जात नाही. हे बिल ऑगस्टचं आहे, ३१ मार्चच्या आत पूर्ण फेडलं तर याच वर्षात खर्च मिळतो. बिलात ३० दिवस लिहिलेत तर मुदत ४ सप्टेंबरलाच संपते, ४५ ही वरची मर्यादा. खरी काळजी व्याजाची आहे. उशीर झाला की कायद्याने बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज मागायचा हक्क त्यांना मिळतो, आणि तुम्ही दिलेलं व्याज खर्चातही धरत नाहीत. त्यांनी हप्त्यांना हो म्हटलं तरी हा हक्क आपोआप संपतो असं समजू नका. बहुतेक लोक चालू पार्टीकडे मागत नाहीत, संबंध तुटला की मागतात. म्हणून तर आधी बोलायचं.

आता ताई तुमचं गणित. पहिल्या हप्त्यात जीएसटीचे ७२ हजार पूर्ण द्या. त्यांचं रिटर्न महिन्याचं असेल तर ऑगस्टच्या बिलाचा टॅक्स त्यांना २० सप्टेंबरपर्यंत भरायचाय, तुमचे पैसे आले नाहीत तरी. तो खिशातून भरायला लागला की माणूस चिडतो, आणि ते बरोबरच आहे. ७२ मध्ये ८० मिळवून ४ तारखेला १,५२,००० द्या. उरले ३,२०,०००. तुमच्या काउंटरवरून रोजचा खर्च जाऊन किती उरतात?

गोरेगावची_मसालेवाली: साधारण साडेसात हजार. मोठा दुकानवाला २५ सप्टेंबर म्हणतोय, पण मागच्या वेळी पण असंच म्हणाला होता.

अकाउंट्सवाली_डोंबिवली: मग त्याच्या तारखेवर एकही हप्ता बांधू नका. दुसऱ्याच्या भरवशावर दिलेली तारीख चुकली की तुमचाच शब्द जातो. १४ दिवसांचे १,०५,००० होतात, त्यातले ८० जुन्या बिलाला, २५ नवीन बरण्यांना रोख. म्हणजे १८ सप्टेंबर, ३ ऑक्टोबर, १७ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर, चार वेळा ८० हजार. दुकानवाल्याचे आले तर लवकर संपवा. जुनं हप्त्यात आणि नवीन रोख, हे आपणहून सांगा, कारण त्यांची मुख्य भीती उधारी वाढत जाण्याची असते.

आधी फोन करा, ४ तारखेच्या चार-पाच दिवस आधी, आणि थेट मालकांना, अकाउंटंटला नाही. मग लगेच असं पाठवा:

"नमस्कार भाई, फोनवर बोललो त्याप्रमाणे. ५ ऑगस्टचं बिल ४,७२,०००. ४ सप्टेंबरला १,५२,००० पाठवते, त्यात जीएसटी पूर्ण आहे. बाकी ३,२०,००० चे चार हप्ते, प्रत्येकी ८०,०००: १८ सप्टेंबर, ३, १७ आणि ३१ ऑक्टोबर. तोपर्यंत नवीन माल रोखीने घेऊ. प्रत्येक पेमेंट याच बिलाला लावावं ही विनंती. तारखांत तुम्हाला काही बदल हवा असेल तर सांगा."

कारणं लांबवू नका, एका वाक्यात फोनवर सांगितलं की पुरे.

वसईचा_कारखानदार: असा मेसेज आला तर मी हो म्हणेन. फक्त चार पोस्टडेटेड चेक मागेन, खरं सांगतो.

अकाउंट्सवाली_डोंबिवली: तिथेच माझं पटत नाही. चेक परत गेला तर प्रकरण १३८ मध्ये जातं, नोटीस आली की १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर कोर्ट. एक हप्ता दोन दिवस पुढे सरकला तर फोनवर निभतं, चेक बाउन्स झाल्यावर नाही निभत. फार तर १८ तारखेचा एक द्यावा, बाकी एनईएफटी.

वसईचा_कारखानदार: तुमच्या बाजूने बरोबर. पण माझ्याकडे चेक नसला तर माझ्या हातात काय आहे? शब्दच ना. मागे एका पार्टीने अशाच तारखा दिल्या, दोन पाळल्या आणि तिसऱ्याला युनिटच शिफ्ट केलं.

लालबाग_ट्रेडिंग: बघा, आता ताईंनी चेक पण लिहायचे आणि सगळ्यांना कळवायचं पण. माझं मत तेच आहे.

गोरेगावची_मसालेवाली: आज फोन केला. तारखा मान्य आहेत म्हणाले, ७२ हजार आधी म्हटल्यावर आवाजच बदलला. पण चेक मागितलेत, चारही. मी दोन देते म्हटलं, मुलाशी बोलून सांगतो म्हणाले. दिवाळीच्या ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स निम्मा आत्ता, निम्मा गाडी सुटताना असं विचारलंय, त्याचं उत्तर सोमवारी देणार आहेत.