मदत हवी आहे: केमोनंतर आकडे डोक्यात टिकत नाहीत, नोकरी कशी सांभाळू?

सातपूरची_सायली
नमस्कार. वय ४४, स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन, मग केमो: एसीची ४ सायकल, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, शेवटी रेडिएशन. केमो संपून सहाएक महिने झाले. आता टॅमॉक्सिफेन चालू आहे.

एका कंपनीत अकाउंट्स बघते. बिलावरची रक्कम वाचते आणि टॅलीत टाकेपर्यंत आकडा निसटतो. मध्येच कुणी हाक मारली की कुठल्या व्हाउचरवर होते तेच सापडत नाही. बोलताना साधा शब्द आठवत नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हाची धावपळ मात्र लख्ख आठवते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी होईल. एमआरआय करून घेऊ का? आणि तोवर काम कसं निभावू?

पंचवटीकर
ताई, केमोचं औषध शरीरात साठून राहतं, ते आधी बाहेर काढायला हवं. जिंकोच्या गोळ्या स्मरणशक्तीला चांगल्या. टॅमॉक्सिफेननेही असं होतं म्हणतात, महिनाभर बंद करून बघा.

मानसी_के
मी कर्करोगाच्या रुग्णांबरोबर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. दादा, टॅमॉक्सिफेनचा थोडा हात असू शकतो, पण ते परस्पर बंद करणं धोक्याचं आहे, कारण कर्करोग परतू नये म्हणूनच ते देतात. केमोचं औषध काही महिने साठून राहत नाही. मागे उरतात ते परिणाम: शरीरातला दाह, रक्त कमी होणं, पाळी अचानक थांबणं, मोडलेली झोप. काहींना तर केमो सुरू होण्याआधीच हा त्रास असतो, म्हणून सगळं खापर केमोवर फोडता येत नाही. जिंको केमो घेणाऱ्या रुग्णांवर तपासून झालंय, उपयोग दिसला नाही.

सायलीताई, विसरलेली गोष्ट कुणी खूण दिली की आठवते का? आठवत असेल तर ती डोक्यात शिरलेली असते, फक्त वेळेवर हाताशी येत नाही. आकडा निसटतो तिथे तो नीट शिरलेलाच नसतो, कारण लक्ष तुटतं. केमोनंतर बहुतेकांचं असंच असतं आणि त्यात एमआरआय सहसा नॉर्मलच येतो. तो नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. पण नवी, न थांबणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, फिट, एका बाजूला अशक्तपणा असं काही असेल, किंवा विसरणं महिन्यागणिक वाढत असेल, तर लगेच दाखवा.

आता सांगा, झोप कशी आहे आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?

सातपूरची_सायली
खूण दिली की आठवतं. अंगातून वाफा येतात, रात्री तीन-चारदा जाग येते. तळपायांच्या मुंग्यांसाठी प्रेगाबॅलिन सकाळ-संध्याकाळ. बी१२ कधी तपासलं नाही, मी शाकाहारी आहे.

निफाडचा_अजय
माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, गॅस चालू ठेवून विसरतात. कॅन्सर वगैरे नाही. त्यांनाही हेच असेल का?

मानसी_के
अजय, ते वेगळं आहे. त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, उशीर नको.

सायलीताई, प्रेगाबॅलिनने गुंगी येते आणि लक्ष मंदावतं. सकाळची गोळी घेऊन तुम्ही थेट आकड्यांसमोर बसताय. ती एकदम थांबवू नका. डोस कमी करता येईल का, किंवा सगळा रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मुंग्या बी१२ कमी असल्यानेही वाढतात, म्हणून बी१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच एकदमच करून घ्या. वाफांसाठीही वेगळं औषध मागा. झोप सुधारल्याशिवाय बाकी उपाय टिकत नाहीत.

ऑफिसात रक्कम वाचताना ओठांनी पुटपुटा, लगेच टाका, बिलावर पेन्सिलने खूण करा. कुणी हाक मारली तर आधी खूण, मग मान वर. डोकं ताजं असतं त्या दोन तासांत फक्त नोंदी करा, फोन नंतर. आणि रोज अर्धा तास भरभर चाला, थकवा आणि झोप दोन्हींना त्याचा फायदा होतो.

गंगापूररोड_टीचर
माझी केमो २०२१ साली झाली. वर्षभरात बरंच सुधारलं, सगळं नाही. गोंगाटात शिकवताना अजून धागा सुटतो. चार ठिकाणी चिठ्ठ्या लिहायचे, त्याच हरवायच्या. एकच वही ठेवल्यावर सोपं झालं. मुख्याध्यापकांना सांगून शेवटचा तास सोडवून घेतला.

सातपूरची_सायली
रिपोर्ट आले. बी१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. हिमोग्लोबिन, टीएसएच ठीक. प्रेगाबॅलिनची सकाळची गोळी डॉक्टर टप्प्याटप्प्याने बंद करतायत. सकाळचं जडपण बरंच उतरलंय, व्हाउचर आता क्वचितच चुकतं. शब्द मात्र तसेच अडतात. मॅनेजरना सांगावं की नाही ते ठरत नाहीये. मार्चएंडचं काम काढून घेतलं तर?

गंगापूररोड_टीचर
आजाराचं सगळं सांगायची गरज नाही. ‘सकाळी ११ ते १ मला फोन नकोत, नोंदी बिनचूक होतील’ एवढंच मागून बघा.

मानसी_के
मी मात्र थोडं अधिक सांगेन. मार्चमध्ये एखादी चूक झाली तर तेव्हा कारण सांगणं जास्त जड जातं. पण तुमचे मॅनेजर कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक.